एका तारखेला एकच घंटी पुरत नाही

फेब्रुवारी लागला की आपल्या शहापूर-मुरबाडच्या घरांमध्ये तारखांची गर्दी होते. बारावीचे पेपर, त्यांच्या पाठोपाठ दहावीचे पेपर, नीट आणि सीईटीचे फॉर्म, शिकवणीची फी, लाइटबिल. गेली काही वर्षे रमजानही याच दिवसांत येतो आहे. पालक शाळेत भेटतात तेव्हा आम्ही हमखास विचारतो, "फॉर्मची शेवटची तारीख लक्षात आहे ना?" उत्तर ठरलेले असते, "हो, मोबाइलमध्ये टाकून ठेवलीय." मोबाइल बघायला मागितला, तर तारीख खरोखरच टाकलेली असते. पण घंटी एकच असते, आणि तीही शेवटच्या दिवशी वाजणारी.

यात चूक पालकांची नाही. मोबाइलमधले गुगल कॅलेंडर एखादी वेळ दिलेली नोंद केली की स्वतःहून एकच सूचना लावते, ती साधारणपणे अर्धा तास आधीची. ऑफिसातल्या मीटिंगला अर्धा तास पुरतो. पण फॉर्म भरायचा तर फोटो काढायचा, अंगठ्याचा ठसा स्कॅन करायचा, फीचे पैसे खात्यात टाकायचे, सेतू केंद्रात किंवा सायबर कॅफेत बसायचे. अर्ध्या तासात हे होत नाही, कधी एका दिवसातही होत नाही. म्हणून या महिन्यात एकाच तारखेला वेगवेगळ्या अंतरावर तीन, चार, पाच घंट्या कशा लावायच्या आणि त्या किती दिवस आधी लावायच्या, ते पाहू.

अंतर कसे ठरवायचे

पुष्कळ जण "एक आठवडा आधी, एक दिवस आधी" असे ठोकळ अंतर लावतात. त्यापेक्षा आधी एक प्रश्न विचारावा: या तारखेपर्यंत काय काय व्हायला हवे, आणि त्यातले कोणते काम आपल्या हातात आहे, कोणते दुसऱ्याच्या?

आपल्या हातातल्या कामाला दोन-तीन दिवस पुरतात. दुसऱ्याच्या हातातल्या कामाला त्याचा वेळ द्यावा लागतो. उदाहरण तहसील कार्यालयातल्या उत्पन्नाच्या दाखल्याचे घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे. ओबीसीतल्या मुलांना लागणाऱ्या नॉन-क्रीमी लेयरला २१ दिवस आहेत, आणि ते काम उपविभागीय कार्यालयाकडे जाते. आपल्याकडे शहापूर भिवंडी उपविभागात येते आणि मुरबाड कल्याण उपविभागात. अर्जात एखादा कागद कमी निघाला, तर तो परत येतो आणि मुदत पुन्हा सुरू होते. म्हणून १५ दिवसांच्या कामाला घंटी १५ दिवस आधी लावून भागत नाही. मुदत, त्यात येणाऱ्या सुट्ट्या आणि एकदा अर्ज परत आला तर लागणारे चार-पाच दिवस, एवढे जोडूनच ती लावावी.

थोडक्यात, प्रत्येक घंटीला एक काम नेमून द्यावे. ज्या घंटीला काम नाही, ती लावूच नये.

एक उदाहरण: नीट २०२५

झालेल्या वर्षाचे उदाहरण घेतले की सगळ्या तारखा समोर असतात. २०२५ च्या नीटचे फॉर्म ७ फेब्रुवारीला सुरू झाले आणि ७ मार्चला रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी बंद झाले. याच काळात राज्य मंडळाची बारावीची परीक्षा होती, ११ फेब्रुवारी ते १८ मार्च. म्हणजे फॉर्मचा जवळजवळ सगळा काळ पेपरमध्ये गेला. त्यात २ मार्चला पहिला रोजा आला. आणि १ की २, हे चंद्र दिसेपर्यंत ठरलेले नव्हते.

समजा, मुरबाड तालुक्यातल्या एका घरातली मुलगी त्या वर्षी बारावीला होती. अब्बा कल्याणला कामाला जातात, रात्री आठला परततात. अम्मी घरी असतात. घरात दोन मोबाइल आहेत, एक अब्बांबरोबर जातो आणि एक घरात असतो. या घराने ७ मार्चच्या तारखेला चार घंट्या कशा लावाव्यात?

पहिली घंटी २१ दिवस आधी, म्हणजे १४ फेब्रुवारीला. काम: फोटो, सही आणि दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे यांच्या फाइल्स तयार करणे, आणि आधार कार्डावरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळते का ते पाहणे. आपल्या घरांमध्ये नावाचा घोळ नेहमीचा आहे. एका कागदावर 'शेख' आधी, दुसऱ्यावर शेवटी. एकीकडे 'मोहम्मद' पूर्ण, दुसरीकडे 'मो.' म्हणून. नाव दुरुस्त करायचे झाले तर ते काम दुसऱ्याच्या हातात जाते, म्हणून तपासणी सगळ्यांत आधी.

दुसरी घंटी १० दिवस आधी, २५ फेब्रुवारीला. काम: फॉर्म भरणे. हे अंतर ठरवताना मुलीचे बारावीचे वेळापत्रक समोर ठेवावे. १० दिवसांवर नेमका तिचा पेपर येत असेल, तर ९ किंवा ११ करावे. मोबाइलला पेपर माहीत नसतो, तो आपल्याला माहीत असतो.

तिसरी घंटी ७ दिवस आधी, २८ फेब्रुवारीला. काम: फी भरणे. खुल्या गटाला १,७०० रुपये होते, ओबीसी नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएसला १,६००. फीला वेगळी घंटी यासाठी, की पैसे आणि ओटीपी दोन्ही बहुधा अब्बांच्या मोबाइलवर असतात, आणि मुलगी फॉर्म दुपारी भरते. शिवाय रमजान सुरू होण्याआधी हे काम हातावेगळे झालेले बरे. इफ्तारच्या धावपळीत पैसे भरताना नेट अडकले, की पैसे खात्यातून गेले आणि फॉर्मवर दिसत नाहीत, अशी स्थिती होऊ शकते. ती निस्तरायला दोन-तीन दिवस लागतात. सात दिवस आधी भरणाऱ्याकडे ते दिवस असतात, सात तारखेच्या रात्री भरणाऱ्याकडे नसतात.

चौथी घंटी २ दिवस आधी, ५ मार्चला. काम: कन्फर्मेशन पेज उघडून पाहणे, त्याची पीडीएफ दोन्ही मोबाइलमध्ये ठेवणे आणि एक प्रत छापून फाइलमध्ये लावणे. फॉर्म "भरला" म्हणजे झाला असे नाही. फी जमा होऊन ते पान निघाले, तरच झाला.

सात मार्चला या घरात घंटी वाजायची गरजच उरत नाही. चारही घंट्या नीट लावल्या असतील, तर शेवटचा दिवस रिकामा जातो.

मोबाइलमध्ये हे कसे लावायचे

गुगल कॅलेंडर उघडून अधिकचे चिन्ह दाबा, Event निवडा, नाव लिहा, तारीख निवडा. खाली Add notification दिसेल. ते दाबून Custom मध्ये गेलात, की किती मिनिटे, तास, दिवस किंवा आठवडे आधी घंटी हवी ते सांगता येते. तेच पुन्हा दाबून दुसरी, तिसरी. एका नोंदीला पाच घंट्या लावता येतात आणि जास्तीत जास्त चार आठवडे आधीची लावता येते. त्याहून आधीची हवी असेल, तर वेगळी नोंद करावी. शेवटी Save.

येथे एक खोच आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. नोंदीला वेळ दिलेली असेल, तर "१० दिवस आधी" म्हणजे दहा दिवस आधी त्याच वेळेला. फॉर्म रात्री ११:५० ला बंद होतो म्हणून नोंदीत ११:५० लिहिले, तर सगळ्या घंट्या रात्री ११:५० लाच वाजतील. घर झोपलेले असेल. सकाळी उठेपर्यंत ती सूचना इतर वीस सूचनांच्या खाली गेलेली असते. सकाळी ११ च्या बोर्डाच्या पेपरची नोंद केली आणि एक दिवस आधीची घंटी लावली, तर ती आदल्या दिवशी सकाळी ११ ला वाजेल. तेव्हा मूल अभ्यासाला बसलेले असते आणि अब्बा कल्याणला.

उपाय सोपा आहे. तारीख पाळायची असेल, तर All-day चालू करा. मग घंटी लावताना किती दिवस आधी आणि किती वाजता, दोन्ही विचारले जाते. वेळ अशी निवडा की ज्याने काम करायचे तो माणूस घरात असेल, मोबाइल हाताशी असेल आणि नमाजची किंवा इफ्तारची वेळ नसेल. वरच्या घरात फीची घंटी रात्री साडेआठला, अब्बांच्या मोबाइलवर. फॉर्मची दुपारी तीनला, घरातल्या मोबाइलवर.

दुसरी खोच नावाची. पाचही घंट्या वाजताना एकच नाव दाखवतात. "नीट फॉर्म" एवढेच लिहिले, तर २१ दिवस आधी वाजलेली घंटी पाहून घरचे म्हणतात, "अजून पुष्कळ दिवस आहेत," आणि ती बाजूला सारतात. म्हणून कामांची यादी नावातच लिहावी, अशी: "नीट फॉर्म: २१ फोटो, १० फॉर्म, ७ फी, २ पावती". घंटी वाजली की आज कोणते काम, हे लगेच कळते.

कोणी म्हणेल, चार कामांच्या चार वेगळ्या नोंदी का करू नयेत? करता येतात. पण परीक्षेची तारीख बदलली, तर चारही नोंदी हाताने हलवाव्या लागतात, आणि एखादी राहून जाते. एकाच नोंदीत सगळ्या घंट्या असतील, तर तारीख बदलली की सगळ्या घंट्या तिच्याबरोबर सरकतात.

तारखा बदलतात, हे आपण पाहिले आहे. एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा २५ ऑगस्ट २०२४ ला ठरली होती. त्याच दिवशी बँकांची आयबीपीएसची परीक्षा आली, पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, आणि तीन दिवस आधी आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. ती १ डिसेंबरला झाली. अशा वेळी जुनी नोंद तशीच राहिली, तर ती खोटी घंटी वाजवते आणि नव्या तारखेला गप्प राहते. म्हणून नोंदीच्या खालच्या जागेत तारीख कुठून घेतली आणि कधी पाहिली, हे लिहून ठेवावे, आणि पहिल्या घंटीला काम करण्याआधी त्या संकेतस्थळावर तारीख एकदा ताडून पाहावी. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेल्या वेळापत्रकावरून नोंद करू नये.

परीक्षेचा दिवस वेगळा मोजावा

फॉर्मची तारीख दिवसांत मोजतात, परीक्षेचा दिवस तासांत. नीट २०२५ ची परीक्षा ४ मे, रविवारी, दुपारी २ ते ५ होती आणि केंद्राचे दार दीडला बंद होणार होते. आपल्यासाठी महत्त्वाची वेळ दोनची नाही, दीडचीही नाही. महत्त्वाची आहे घरातून निघायची वेळ. तिचीच नोंद करावी.

ती मागून मोजायची. समजा, केंद्र ठाण्यात आहे आणि प्रवेशपत्रावर साडेअकराची वेळ दिली आहे. ठाणे स्टेशन ते केंद्र अर्धा तास. कल्याण ते ठाणे लोकल आणि तिची वाट पाहणे मिळून पाऊण तास. मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा एसटीने कल्याण सव्वा तास धरा. झाले अडीच तास. त्यावर गाडी चुकली, रस्त्यात अडकलो, केंद्र सापडेना, यासाठी दीड तास. एकूण चार तास. म्हणजे साडेसातला निघायचे. शहापूरकरांचा हिशेब वेगळा येईल, कारण त्यांना आसनगावहून थेट लोकल मिळते. पण तिकडे दोन लोकलमधले अंतर जास्त असते, ते हिशेबात धरावे.

नोंद करावी "मुरबाडहून निघणे", ४ मे, सकाळी ७:३०. हिला All-day नको, वेळ हवी. घंट्या दोन. एक १२ तास आधी, म्हणजे आदल्या संध्याकाळी साडेसातला, मगरिबनंतर. तिचे काम: प्रवेशपत्र, त्यावर चिकटवायचे फोटो आणि ओळखपत्र पिशवीत टाकणे, आणि रविवारचा मेगाब्लॉक पाहणे. मध्य रेल्वेवर ब्लॉक बहुधा रविवारीच असतो, आणि मोठ्या परीक्षाही रविवारीच असतात. ब्लॉकचे वेळापत्रक एक-दोन दिवस आधी वर्तमानपत्रात येते, म्हणून हे काम आठवडाभर आधी करता येत नाही, आदल्या दिवशीच करावे लागते. दुसरी घंटी एक तास आधी, साडेसहाला. या घंटीवर मात्र भिस्त ठेवू नका. कॅलेंडरची सूचना एकदा वाजून थांबते. उठण्यासाठी घड्याळातला अलार्मच लावा, तो बंद करेपर्यंत वाजत राहतो.

लाइटबिलाच्या तीन तारखा

बिलाचे काम सोपे आहे, कारण तारखा छापून येतात. महावितरणच्या बिलाकडे नीट पाहिले, तर त्यावर तीन रकमा दिसतात. एक लवकर भरल्यास, म्हणजे तत्पर भरणा सूट वजा करून. दुसरी देय तारखेपर्यंत. तिसरी देय तारखेनंतर, विलंब आकारासह. तत्पर भरण्याची सूट साधारण १ टक्का असते आणि विलंब आकार १.२५ टक्के. घरगुती ग्राहकाला बिलाच्या तारखेपासून साधारण तीन आठवडे मिळतात.

समजा, बिल १,५०० रुपयांचे आहे, तारीख ५ फेब्रुवारी. १२ तारखेपर्यंत भरले तर सुमारे १५ रुपये वाचतील, २६ नंतर भरले तर सुमारे १९ रुपये जास्त जातील. कोणी म्हणेल, पंधरा-वीस रुपयांसाठी एवढे कशाला? रकमेपुरते ते खरे आहे. पण राहिलेले बिल पुढच्या बिलात थकबाकी म्हणून येते. थकबाकी राहिली तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. फेब्रुवारीचे बिल राहिले की ही वेळ मार्चमध्ये येते, आणि मार्चमध्ये आर्थिक वर्षअखेरीची वसुली जोरात असते. घरात दहावी-बारावीचे मूल असताना ही जोखीम एकोणीस रुपयांची राहत नाही.

म्हणून बिल हातात आले किंवा एसएमएस आला, की त्याच दिवशी एक नोंद करावी, देय तारखेवर. घंट्या तीन: १५ दिवस आधी, ३ दिवस आधी आणि १ दिवस आधी. वरच्या उदाहरणात पहिली ११ तारखेला वाजेल, सुटीची रक्कम भरायची तर आज-उद्या भरा, असे सांगणारी. तीन दिवस आधीची घंटी ज्यांचा पगार उशिरा होतो त्यांच्यासाठी. एक दिवस आधीची पावती पाहण्यासाठी: पैसे गेले, पण महावितरणच्या खात्यावर भरणा दिसतो का?

येथे "दर महिन्याला" अशी आपोआप पुन्हा येणारी नोंद करण्याचा मोह होतो. देय तारीख दर महिन्याला तीच राहत नाही, दोन-चार दिवस पुढे-मागे होते. म्हणून आपोआप येणारी नोंद फक्त एवढ्यासाठी ठेवा: "बिल आले का?" ते आले की तारीख बिलावरून घेऊन नवी नोंद. घरभाडे किंवा हप्ता यांची तारीख मात्र पक्की असते, तिथे आपोआप चालते. त्यातही ३१ तारीख टाळा. ३१ ला दर महिन्याची नोंद केली, तर ज्या महिन्याला ३१ नाही तो महिना कॅलेंडर सरळ वगळते. २८ घ्या. आणि मोबाइलचा २८ दिवसांचा रिचार्ज दर महिन्याला नव्हे, दर चार आठवड्यांनी येतो, तेव्हा तशीच नोंद करा.

घंटी वाजली नाही, किंवा वाजून उपयोग झाला नाही

पालकांकडून या तक्रारी येतात तेव्हा कारण बहुतेक पुढच्यांपैकी एक निघते.

नमाजला जाताना मोबाइल सायलेंट केला आणि तसाच राहिला. सायलेंटमध्ये घड्याळाचा अलार्म बहुधा वाजतो, कॅलेंडरची सूचना वाजत नाही. सूचना पडद्यावर मात्र येते, म्हणून नमाजहून आल्यावर पडदा बघायची सवय ठेवावी.

बॅटरी वाचवण्याची सोय. काही मोबाइल पुष्कळ वेळ न उघडलेले अॅप झोपवून टाकतात आणि मग त्याची घंटी उशिरा वाजते किंवा वाजतच नाही. सेटिंगमध्ये कॅलेंडरला सूचनांची परवानगी आहे ना आणि बॅटरीच्या बंधनातून ते मोकळे आहे ना, ते पाहावे. खात्री करायची असेल तर दहा मिनिटांनंतरची एक खोटी नोंद करा, पाच मिनिटे आधीची घंटी लावा आणि पडदा बंद करून मोबाइल बाजूला ठेवा. वाजली तर ठीक.

रेंजचा प्रश्न. टोकावडे-माळशेजकडच्या किंवा डोळखांबकडच्या गावांत रेंज येते-जाते. मोबाइलमध्ये एकदा केलेली नोंद रेंज नसतानाही वाजते. पण अब्बांनी आपल्या मोबाइलवर केलेली नोंद अम्मींच्या मोबाइलवर यायला नेट लागतेच. आणखी एक गोष्ट: नोंदीत दुसऱ्याला ईमेलने जोडले, तर त्याला नोंद मिळते, पण आपण लावलेल्या घंट्या मिळत नाहीत. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर आपल्या घंट्या लावाव्या लागतात.

शेवटचे कारण सगळ्यांत मोठे. काम झाल्यावरही घंट्या तशाच ठेवल्या जातात. बिल १० तारखेला भरले, तरी ११ ला, २३ ला, २५ ला घंटी वाजते. दोन महिन्यांत घरातल्या माणसांना कळते की ही घंटी उगाच वाजते. मग ज्या दिवशी ती खरी असते त्या दिवशीही हात आपोआप तिला बाजूला सारतो. म्हणून काम झाले, पावती ठेवली, की नोंद पुसून टाकावी. ज्या घरात नको ती घंटी वाजत नाही, त्याच घरात हवी ती ऐकली जाते.

मोबाइल न वापरणाऱ्या आजी-आजोबांच्या घरात हेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर करता येते. ७ मार्चवर गोल काढून थांबू नका. १४ फेब्रुवारीवर "फोटो", २५ वर "फॉर्म", २८ वर "फी", ५ मार्चवर "पावती" असे लिहा. मात्र रोज सकाळी पान पाहायचे काम घरातल्या एका माणसाकडे द्यावे लागेल, कारण भिंत वाजत नाही.

वर आम्ही दाखल्यांचा उल्लेख केला. प्रवेशाच्या वेळी सगळ्यांत जास्त अडतात ते तेच. समजा, १६ जूनला दाखले हातात हवेत, तर चार आठवडे आधीची पहिली घंटी १९ मेला वाजेल. उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि नॉन-क्रीमी लेयरचा, या तीन दाखल्यांना कोणते कागद लागतात आणि अर्ज परत का येतो, ते पुढच्या महिन्यात पाहू.